तेरवी करायची की नाही, यावर घरात दोन तट पडलेत

प्रश्न : बाबा जाऊन चार दिवस झाले. मोठे काका म्हणतात दहावा-तेरवी रीतसर व्हायला हवी, तेरवीला सगळ्यांना जेवण. भाऊ म्हणतो काहीच करायचं नाही. आत्या आईच्या बांगड्यांचा विषय काढते. भांडण न होता कसं ठरवावं? (नागपूर)

उत्तर :

ताई, सगळ्यात आधी आईशी बोला, पण बैठकीत नको. दहा माणसांसमोर विचारलं तर ती "तुम्ही ठरवाल तसं" एवढंच म्हणेल. तुम्ही किंवा मावशी, एकीने रात्री तिच्याजवळ बसून विचारा. बांगड्या, कुंकू, मंगळसूत्र हे बहुतेक घरांत दहाव्याला, बायकांच्या गर्दीत, कुणीही न विचारता उरकलं जातं. म्हणून आईला ते नको असेल तर आत्याला आजच सांगून ठेवायचं, आणि तेही काकांनी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. आत्या वाद घालू लागली तर हे सांगता येईल. पण आईचं म्हणणं पुरेसं आहे.

आता "रीतसर" म्हणजे काय, ते काकांना सुटं करून विचारा. दहाव्याची पिंडं, अस्थिविसर्जन, अकरावं-बारावं आणि तेरवीचं जेवण या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि भांडण बहुधा शेवटच्या एकीवरच असतं. आमच्या शेजारी, नंदनवनात, असंच झालं होतं. काटोलचे काका पाचशे पानांचं म्हणत होते, धाकटा मुलगा शून्य. एका पानाला दोनशे धरले तरी लाखाचा खर्च. काका "मी देतो" म्हणाले, तिथेच त्यांच्या वहिनी सावध झाल्या, कारण असा पैसा पुढे वाटणीच्या वेळी बोलून दाखवला जातो. शेवटी असं ठरलं : दहावा आणि अस्थी रामटेकला अंबाळ्यावर, जवळच्या माणसांत. तेरवी घरीच, साठेक माणसांची. गावजेवण घालायचंच असेल तर काकांनी काटोलला, आपल्या घरी, आपल्या नावाने घालावं. काकांनी ते घातलंही. त्यांचा गावातला मान राहिला आणि इकडे कुणावर उपकार चढला नाही.

खर्च कुणीही करो, बाबांच्या एटीएम कार्डाने पैसे काढू नका. माणूस गेल्यावर खात्यातली रक्कम वारसांची होते, आणि एकाने काढलेले दहा हजारही नंतर संशयाला पुरतात.

भावाचं काय, ते थोडं नाजूक आहे. ज्याने अग्नी दिला तोच सहसा दहाव्याला कर्ता असतो. तुमच्याकडे अग्नी भावाने दिला असेल तर "तू नुसता बसून राहा" असं काका म्हणाले तर तो त्याला खोटेपणा वाटणार, आणि त्यात त्याचं चुकत नाही. गुरुजींना आधीच फोन करून विचारा की तुम्ही किंवा चुलतभाऊ कर्ता झालात तर ते विधी करतील का. हल्ली मुलींच्या हातून करणारे गुरुजी नागपुरात मिळतात. एक नाही म्हणाले तर दुसऱ्यांना विचारायचं, पण घाटावर पोचल्यावर नव्हे. त्याच फोनवर दक्षिणा, साहित्य आणि दानाच्या वस्तूंची यादी विचारून घ्या. गादी, छत्री, चपला यांवरून ऐन वेळी घासाघीस फार वाईट दिसते.

आणि कावळ्याची तयारी ठेवा, हे मी मुद्दाम सांगतो. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना, की मागून कुजबुज सुरू होते, "काहीतरी इच्छा राहिली." मग एकेक जण पुढे येऊन कबूल करत सुटतो : आईला सांभाळू, बहिणीचं लग्न करू. नंदनवनच्या त्या दहाव्याला एका आतेभावाने धाकट्याला हात जोडून म्हणायला लावलं की घर विकणार नाही. तो रडत होता, म्हणाला. ते वाक्य अजून त्याच्या तोंडावर मारतात. घरात ठरवून ठेवा की पिंडापुढे फक्त आई किंवा तुम्हीच बोलणार, आणि घर-शेतीचा शब्द कुणीही काढणार नाही. अर्ध्या तासात कावळा आला नाही तर गुरुजींना दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवायला सांगा. ती सोय परंपरेतलीच आहे, काकाही नाही म्हणणार नाहीत.

सगळं ठरलं की नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच निरोप टाका : "दहावा अमुक दिवशी रामटेकला, घरच्या मंडळींत. तेरवी घरी. वहिनींच्या इच्छेनुसार बाकी काही ठेवलेलं नाही." हा निरोप तुम्ही किंवा भावाने टाकू नका, काकांच्या फोनवरून जाऊ द्या. तुमच्या नावाने गेला तर दर दोन तासांनी एक नवा फोन येईल, त्यांच्या नावाने गेला तर लोक फार विचारत नाहीत.