डायलिसिसनंतर प्रथिन निम्मे का झाले? नळीची निवड आणि बफरचे माप

प्रश्न: निकेल कॉलमवरून काढलेले १७ किलोडाल्टनचे प्रथिन (१० मिलिलिटर, ३०० मिलिमोलर इमिडाझोल) १२–१४ किलोडाल्टनच्या डायलिसिस नळीत भरून ५ लिटर बफरमध्ये रात्रभर ठेवले. सकाळी २८० नॅनोमीटरवरचे वाचन निम्म्यावर आले. प्रथिन गेले कुठे? आणि बफर नेमका किती घ्यायचा?

उत्तर:

प्रथिन गळाले असे ठरवण्याआधी नळीतला नमुना मोजनळकांड्यात ओतून त्याचे आकारमान पाहा. इमिडाझोल आणि मीठ यांनी भरलेला द्रव सौम्य बफरमध्ये ठेवला की क्षार बाहेर येण्याआधीच पाणी आत शिरते. दहाचे चौदा मिलिलिटर झालेले मी अनेकदा पाहिले आहेत. त्यामुळे तुलना तीव्रतेची नको, तीव्रता गुणिले आकारमान, म्हणजे एकूण मिलिग्रॅमची करावी. नळी भरतानाही वरचा एक तृतीयांश भाग हवा काढून रिकामा, चपटा ठेवावा, नाहीतर ती फुगून चिमट्यापाशी गळू लागते.

दुसरी शंका आधीच्या वाचनाविषयी आहे. ३०० मिलिमोलर इमिडाझोल स्वतः २८० नॅनोमीटरवर थोडे प्रकाशशोषण करते. तुम्ही ब्लँक म्हणून साधा बफर वापरला असेल, तर कालचा आकडाच फुगलेला होता. डायलिसिसपूर्वी ब्लँक इल्यूशन बफरचा, आणि नंतर नळीबाहेरच्याच द्रवाचा घ्यावा.

हे दोन्ही हिशेब करूनही तूट उरली, तर दोष नळीकडे जातो, आणि तुमच्या बाबतीत तो बहुधा तिथेच आहे. नळीवर छापलेला आकडा ही भिंत नसते. छिद्रे लहानमोठी असतात. ज्या वजनाचा रेणू ठरावीक वेळेत सुमारे ९० टक्के आत राहतो, तो आकडा साधारणपणे छापतात. तेव्हा १७ किलोडाल्टनचे प्रथिन १२–१४ च्या नळीत रात्रभर सुरक्षित मानता येत नाही. शिकत असताना मी १२ किलोडाल्टनचे सायटोक्रोम सी अशाच नळीत भरले होते, कारण कपाटात तीच होती; सकाळी बीकरमधला रंगहीन बफर फिकट गुलाबी झाला होता. तुमचे प्रथिन रंगहीन असल्यामुळे गळती डोळ्यांना दिसली नाही, एवढाच फरक.

खात्री करायची असेल तर बाहेरचा द्रव टाकून देऊ नका. सुरुवातीला २० मिलिग्रॅम प्रथिन होते आणि निम्मे गळाले असे धरले, तर ५ लिटरमध्ये ते मिलिलिटरला जेमतेम २ मायक्रोग्रॅम पडते, जे स्पेक्ट्रोफोटोमीटरला सहज दिसणार नाही. म्हणून त्यातला १५ मिलिलिटर द्रव ३ किलोडाल्टनच्या सेंट्रिफ्यूज फिल्टरमध्ये ०.२ मिलिलिटरपर्यंत आटवून त्यातला थोडा जेलवर चालवा. १७ पाशी पट्टी दिसली की प्रश्न मिटला. पट्टी नाही, पण नळीत पांढुरका साका आहे, तर प्रथिन गळालेले नसून कमी मिठात किंवा आपल्या समविद्युत बिंदूजवळच्या पीएचला खाली बसले आहे. तिथे नळी नव्हे, बफर बदलावा लागतो.

नळी निवडताना मी छापील आकडा प्रथिनाच्या वजनाच्या निम्म्याहून कमी, शक्यतो एक तृतीयांशाच्या आत ठेवतो. तुमच्यासाठी ३.५ किलोडाल्टनची नळी योग्य. याहून बारीक घेण्यात लाभ नाही, कारण छिद्रे जितकी लहान तितका क्षार बाहेर पडायला वेळ जास्त.

आता बफरचे माप. तुमचे १० मिलिलिटर ५ लिटरमध्ये समतोलाला आले, तर इमिडाझोल सुमारे ५०० पट विरळ होऊन ०.६ मिलिमोलर उरते. तेच १० मिलिलिटर १ लिटरमध्ये ठेवले तर १०० पट, म्हणजे सुमारे ३ मिलिमोलर. मग तो बफर फेकून नवा १ लिटर घेतला की पुन्हा १०० पट, म्हणजे ०.०३ मिलिमोलर. एकूण २ लिटरच लागले आणि उरलेले इमिडाझोल ५ लिटरच्या एका खेपेपेक्षा वीसपट कमी. माप एकदम ओतले की पट फक्त वाढतो, वाटून घेतले की पटांचा गुणाकार होतो. मात्र हा हिशेब समतोल झाल्यावरच खरा ठरतो. म्हणून ४ अंश सेल्सियसला मॅग्नेटिक स्टररवर हळू ढवळत पहिली खेप तीन-चार तास आणि दुसरी रात्रभर ठेवावी. बदल पूर्ण झाला का, हे बाहेरच्या द्रवाची विद्युतवाहकता पाहून कळत नाही, कारण तो सुरुवातीपासूनच बराचसा नव्या बफरसारखा असतो. नळीतल्या थेंबभर नमुन्याची वाहकता ताज्या बफरशी जुळली पाहिजे.

प्रथिन नाजूक असेल आणि रात्रभर थांबणे परवडत नसेल, तर सेफाडेक्स जी-२५ भरलेला कॉलम वापरा. त्यातल्या ८.३ मिलिलिटरच्या तयार कॉलममध्ये २.५ मिलिलिटर नमुना घालून ३.५ मिलिलिटरमध्ये तो बाहेर काढतात. तुमचे १० मिलिलिटर चार वेळा चालवावे लागतील आणि प्रत्येक वेळी ते १.४ पट विरळ होतील, पण काम तासाभरात आटोपेल.