‘हरवली’ इंग्रजीत लिहिण्याआधी

विमान कंपनीला द्यायचे बॅगेच्या तक्रारीचे भाषांतर नोटरी करून लागते का? (म्हापसा)

नाही. प्रकरण ग्राहक आयोगात गेले, तर तिथे काय लागेल ते वकिलांना विचारा.

मस्कतहून 3 मार्चला मोपाला उतरलो, बॅग आली नाही. काउंटरवर पीआयआर भरला. 11 मार्चला बॅग आली, पण कुलूप तुटलेले आणि काही वस्तू गायब. ओळखीचा एजंट म्हणतो, पीआयआर आहे म्हणजे झाले, पत्राला घाई नको. मराठी मसुदा सोबत आहे. (पेडणे)

या ‘घाई नको’मुळे किती दावे बुडाले, ते मी पाहत आलो आहे. पीआयआर म्हणजे बॅग आली नाही याची नोंद. त्यात गायब वस्तू कशा असतील? त्या दिवशी तुम्ही बॅग उघडलेलीच नव्हती.

तुमच्या मसुद्यात चार ठिकाणी ‘बॅग हरवली’ आहे. मराठीत ते चालते, पण इंग्रजीत सरळ ‘लॉस्ट’ लिहिले, तर कंपनी उत्तर देईल की बॅग पोचवली, विषय संपला. तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि दोघींच्या मुदती वेगळ्या. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या मॉन्ट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार बॅग हाती आल्यापासून 7 दिवसांत द्यायची, उशिराची 21 दिवसांत. म्हणजे तुटलेल्या कुलपासाठी 18 मार्च आणि आठ दिवस बॅगेविना जो खर्च झाला त्यासाठी 1 एप्रिल. गायब वस्तूही 18 तारखेच्या आतच कळवा, नंतर वाद नको. बॅग आलीच नसती, तर 24 मार्चनंतर ती हरवली असे धरून दावा करता आला असता. तेव्हा पत्रात ‘डिलेड’ आणि ‘डॅमेज्ड’ यांचे वेगळे परिच्छेद करा, गायब वस्तूंचा तिसरा. महिन्याचे नाव अक्षरांत लिहा. 3/11 कोणी नोव्हेंबर वाचेल. पीआयआरचा क्रमांक विषयाच्या ओळीतच हवा. ईमेल पाठवून पोच जपून ठेवा. कंपनीने नकार दिला, तर वकील गाठा. दावा लावायची मुदत दोन वर्षे आहे.

समई, कुणबी साडी, आईच्या पाटल्या इंग्रजीत कशा लिहू? (फोंडा)

नाव तेच ठेवा आणि पुढे वस्तू काय ते सांगा. समईपुढे पितळेचा उभा तेलदिवा, उंची, वजन, खरेदीचे वर्ष आणि किंमत. साडीपुढे हातमागाची सुती, लाल चौकड्यांची. नुसते ‘लॅम्प’ लिहिले, तर टेबलावरचा दिवा समजून किंमत लावतील. ‘अंदाजे’ हा शब्द बिल असेल तिथे गाळा, नसेल तिथे मात्र प्रामाणिकपणे ठेवा. ‘जुनी, अमूल्य’ असले काही नको. किमती फुगवायला सांगणारे दलाल भेटतात, त्यांच्या नादी लागू नका: करारातली भरपाईची मर्यादा 28 डिसेंबर 2024 पासून एका प्रवाशामागे 1,519 एसडीआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची हिशेबाची एकके, आहे, आणि एक आकडा खोटा निघाला की बाकीचेही संशयात येतात.

पाटल्या चेक-इन बॅगेत कशाला ठेवल्या? दागिन्यांची जबाबदारी बहुतेक कंपन्या आपल्या अटींतच नाकारतात. यादीत घाला, पण त्या ओळीबद्दल आधी वकिलांशी बोला.