दूरच्या फरशीची चमचम
माझ्या गेममध्ये कॅमेरा हलला की दूरच्या फरशीचं टेक्स्चर चमचमतं. असं का होतं, आणि मिपमॅप, अ‍ॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग यांनी ते कसं थांबतं?

दूरवर स्क्रीनच्या एका पिक्सेलखाली टेक्स्चरचे खूप टेक्सेल येतात, समजा १६ × १६. जीपीयू त्यातला एखादाच किंवा शेजारचे चार वाचतो. कॅमेरा किंचित सरकला की वेगळेच टेक्सेल हाती लागतात आणि दर फ्रेमला रंग उडी मारतो.

मिपमॅप म्हणजे सरासरी काढून आधीच बनवलेल्या लहान प्रती: १०२४ × १०२४ नंतर ५१२, २५६, असं निम्मं होत १ पर्यंत. वरच्या उदाहरणात ६४ ची प्रत (पातळी ४) वापरली जाते. तिच्या एका टेक्सेलमध्ये मूळच्या २५६ टेक्सेलची सरासरी असते, म्हणून रंग स्थिर राहतो. मेमरी साधारण एक तृतीयांशच वाढते, तेव्हा मिपमॅप आधी चालू करा.

आता फरशी मात्र धूसर दिसेल. तिरक्या कोनातून पिक्सेलखालचा भाग लांबट असतो, समजा १६ × २. लांब बाजू पाहून पुन्हा पातळी ४ निवडली जाते आणि आडव्या दिशेचा तपशील विनाकारण पुसला जातो. ८ पट अ‍ॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग इथे पातळी १ घेतं आणि लांबीच्या दिशेने आठ नमुने वाचून त्यांची सरासरी काढतं.

एवढं करूनही फक्त वस्तूंच्या कडा लुकलुकत असतील, तर दोष टेक्स्चरचा नाही. तिथे अँटी-अलायझिंग लागेल.