टेप की शस्त्रक्रिया?

प्रश्न: माझ्या पापणीला घडी नाही. टेप लावू की ऑपरेशन करू? नैसर्गिक काय दिसेल?

आधी टेप लावून बघा. पण खाली बघतानाही नैसर्गिक दिसायला हवं असेल, तर ते नीट केलेल्या ऑपरेशननेच जमतं. पापण्यांच्या ओपीडीत हे रोज समजावते. टेप कातडी वरून दुमडते, एवढंच. ऑपरेशनमध्ये पापणी उचलणाऱ्या स्नायूच्या पडद्याला कातडी आतून जोडतात, म्हणून डोळा उघडला की घडी पडते आणि नजर खाली गेली की जवळजवळ विरते. टेपची चकाकती पट्टी नेमकी तिथेच उघडी पडते. टेप ओढू नका, भिजवून सोडवा. खाज सुटली तर बंद करा. ऑपरेशनमध्ये नुसत्या टाक्यांची घडी कधी सुटते, छेदाचा व्रण राहतो, आणि फार उंच बसलेली घडी खाली आणणं महाकठीण. पापणी बुबुळावर उतरत असेल, तर मात्र प्रश्न घडीचा नाही, स्नायूचा. तो आधी तपासून घ्या.