गादी तुम्ही बदललीत, गज नाही

«आठ महिन्यांच्या बाळाचा पाय कॉटच्या दोन गजांमध्ये अडकला, मांडीचं हाड मोडलं. पुढच्या महिन्याच्या ९ तारखेला त्या अपघाताला दोन वर्षं होतील. कॉटवर ‘ईएन ७१६ नुसार’ असं छापलंय. विक्रेता म्हणतो, गादी तुम्ही बदललीत, आता हक्क सांगू नका. आमची गादी ११५ बाय ५६ सेंटिमीटर, कॉट आतून १२० बाय ६०. कंपनी अजून मेलला उत्तरं देते. केस उभी राहील का?»

ताई, राहील. पण तक्रार ९ तारखेच्या आधी जिल्हा ग्राहक आयोगात दाखल झाली पाहिजे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ मध्ये मुदत दोन वर्षांची आहे आणि मेल चालू आहेत म्हणून ती थांबत नाही. उशीर माफ करण्याची सोय आहे, पण मी तिच्या भरवशावर राहणार नाही. इतके महिने का घालवलेत? अशी पत्रं माझ्याकडे सतत येतात, बहुतेक मुदत उलटल्यावर.

आता गादी. ती एका कोपऱ्यात सरकवली की समोर एका बाजूला ५ आणि दुसऱ्या बाजूला ४ सेंटिमीटर फट पडते. ईएन ७१६ या युरोपीय मानकात गादी कुठेही सरकली तरी ही फट ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. ही चूक तुमची आणि तुमच्या गादीवाल्याची. वस्तूत बदल केला असेल तर कलम ८७ नुसार विक्रेता सुटू शकतो, त्याचा सगळा भर त्यावरच आहे.

पण पाय अडकला तो गजांत. त्याच मानकात दोन गजांमधलं अंतर साडेचार ते साडेसहा सेंटिमीटर असावं लागतं, आणि गज तुम्ही बसवलेले नाहीत. अंतर त्याहून जास्त भरलं, तर कलम ८४ उपयोगी पडेल: छापील हमीप्रमाणे वस्तू नसेल, तर हमी देताना निष्काळजीपणा नव्हता हे सिद्ध करूनही उत्पादक सुटत नाही. म्हणून तक्रार उत्पादकाविरुद्ध, गजांवर उभी करा. गादीची गोष्ट लपवू नका, एका वाक्यात लिहा.

आजच स्टीलच्या टेपने प्रत्येक जोडीचं अंतर वर, मध्ये आणि खाली मोजा. मधोमध गज वाकतात, तिथेच आकडा वाढतो. टेप, गज आणि छापील लेबल एकाच फोटोत येऊ द्या. बिल आणि दवाखान्याचे कागद जोडा. सुताराकडून पट्टी ठोकून घेऊ नका, आयोगाने कॉट प्रयोगशाळेत तपासायला पाठवली तर ती जशीच्या तशी लागेल. भरपाई किती मिळेल आणि निकाल कधी लागेल, हे सांगता येत नाही. कायद्यात तपासणीसह पाच महिने लिहिलेत, प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात.

आणि धाकट्याला त्याच कॉटमध्ये झोपवत असाल, तर आज रात्रीपासून थांबवा.