स्क्रीनशॉटमध्ये मधलेच हप्ते दिसत असताना आतापर्यंतचं व्याज आणि उरलेलं मुद्दल कसं काढायचं?

प्रश्न: माझं ३ लाखांचं कर्ज आहे, १२ टक्के दर, २४ महिने, हप्ता १४,१२२. परतफेडीच्या तक्त्याचा स्क्रीनशॉट आहे, पण त्यात ७ ते १० एवढेच हप्ते आलेत. ९ हप्ते भरून झालेत. आजवर एकूण व्याज किती गेलं आणि मुद्दल किती राहिलं? पहिल्या सहा ओळींशिवाय बेरीज कशी करू?

उत्तर:

बेरीज करूच नका. पहिल्या सहा ओळी लागतच नाहीत.

तुम्ही टाकलेल्या चित्रातल्या ओळी वाचता याव्यात म्हणून इथे उतरवून घेतो:

| हप्ता | आरंभीची शिल्लक | व्याज | मुद्दल | अखेरची शिल्लक |
|---|---|---|---|---|
| ७ | २,३१,५७७ | २,३१६ | ११,८०६ | २,१९,७७१ |
| ८ | २,१९,७७१ | २,१९८ | ११,९२४ | २,०७,८४७ |
| ९ | २,०७,८४७ | २,०७८ | १२,०४४ | १,९५,८०३ |
| १० | १,९५,८०३ | १,९५८ | १२,१६४ | १,८३,६३९ |

उरलेलं मुद्दल म्हणजे नवव्या ओळीतली अखेरची शिल्लक, १,९५,८०३. त्यासाठी काहीच हिशोब नाही, फक्त बरोबर ओळ आणि बरोबर रकाना पकडायचा.

आता व्याज. तुम्ही दिलेल्या प्रत्येक हप्त्याचे दोनच भाग होतात, काही मुद्दलात जातं आणि बाकीचं व्याजात. नऊ हप्त्यांचे मिळून तुम्ही १४,१२२ × ९ = १,२७,०९८ भरले. त्यातून मुद्दल किती फिटलं, ते शिल्लक सांगते: ३,००,००० वजा १,९५,८०३, म्हणजे १,०४,१९७. मग १,२७,०९८ मधून १,०४,१९७ गेले की राहिले २२,९०१. हेच तुमचं आजवरचं व्याज. दिसत नसलेल्या सहा ओळींचं व्याजही यात आपोआप आलं.

पुढे किती व्याज जायचंय तेही याच वाटेने निघतं. राहिलेले १५ हप्ते म्हणजे २,११,८३०, त्यातून शिल्लक मुद्दल १,९५,८०३ वजा केलं की १६,०२७. शेवटचा हप्ता आकडे पूर्ण रुपयात धरल्यामुळे एखाद्या रुपयाने कमी-जास्त असतो, त्यामुळे इथे तेवढा फरक पडू शकतो.

पडताळा हवा असेल तर एक्सेल किंवा कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये हे टाका:

```
=CUMIPMT(12%/12, 24, 300000, 1, 9, 0)
```

उत्तर उणे २२,९०१ च्या जवळ येईल. उणे चिन्हाला घाबरू नका, पैसे तुमच्या खिशातून गेले म्हणून ते तसं दिसतं. पण हे सूत्र फक्त आखलेल्या वेळापत्रकाचं गणित करतं. मध्ये दर बदलला किंवा तुम्ही जादा रक्कम भरली, तर त्याला त्याचा पत्ता नसतो. वजाबाकीची रीत मात्र तेव्हाही चालते, फक्त 'भरलेले' या आकड्यात ती जादा रक्कम धरायची आणि शिल्लक नव्या तक्त्यातून घ्यायची. दंड, प्रक्रिया शुल्क वगैरे तेवढं बाजूला ठेवा, नाहीतर ते व्याजात मिसळतं.

लोक जिथे चुकतात ती जागा वेगळीच आहे. मी स्वतः एकदा शिल्लक सांगताना Closing ऐवजी Opening रकाना वाचला होता. तुमच्या तक्त्यात तसं केलं तर उत्तर २,०७,८४७ येतं, म्हणजे मुद्दल १२,०४४ ने जास्त आणि व्याजही नेमकं तेवढंच फुगतं, कारण नवव्या हप्त्यात फिटलेलं मुद्दल हिशोबात धरलंच जात नाही. उलट चूकही होते: दहावी ओळ स्क्रीनशॉटमध्ये दिसते म्हणून ती भरली असं धरणं. तक्ता पुढच्या सगळ्या महिन्यांचा आधीच छापलेला असतो, ओळ दिसणं म्हणजे हप्ता जाणं नव्हे. खात्यातून प्रत्यक्ष किती हप्ते कापले गेले ते पासबुकात मोजा.

दुसरी भानगड स्क्रीनशॉटमधून आकडे वाचताना होते. चित्र दाबलेलं असेल तर ७ चा १ दिसतो, ३ चा ८ होतो. समजा आठव्या ओळीतली अखेरची शिल्लक तुम्ही २,०१,८४७ अशी वाचली. नुसत्या डोळ्यांना ती खरीच वाटेल. पण आधीची शिल्लक २,१९,७७१ मधून मुद्दल ११,९२४ वजा करा, २,०७,८४७ येतं. आणि पुढच्या ओळीचं व्याज २,०७८ आहे, ते महिन्याच्या १ टक्क्याने २,०१,८४७ वर बसतच नाही, तिथे २,०१८ यायला हवं होतं. दोन्ही खुणा एकाच आकड्याकडे बोट दाखवतात. ज्या ओळीवर तुमचं उत्तर टेकलंय, तिला एवढी चाचणी द्याच. सगळा तक्ता तपासायची गरज नाही.

कधी व्याज १ टक्क्याने बसत नाही, पण मुद्दल आणि व्याज मिळून हप्ता मात्र बरोबर येतो. तेव्हा आकडा चुकीचा वाचला असं लगेच समजू नका. काही ठिकाणी व्याज महिन्याने नाही, दिवसांनी मोजतात. २,१९,७७१ वर ३१ दिवसांचं व्याज, वर्ष ३६५ दिवसांचं धरून, सुमारे २,२४० होतं, आणि ३० दिवसांचं सुमारे २,१६८. तक्त्यात व्याज असं वरखाली होत असेल तर पद्धत ती आहे. वजाबाकीला याने काही फरक पडत नाही.

एक गोष्ट तक्त्यात सापडणारच नाही, असं होऊ शकतं. कर्जाचे पैसे हातात पडले ती तारीख आणि पहिला हप्ता यांत महिन्यापेक्षा जास्त दिवस असतील, तर त्या जादा दिवसांचं व्याज अनेकदा वेगळं कापतात. ते पहिल्या ओळीच्या आधी 'शून्य' क्रमांकाच्या ओळीत असतं, नाहीतर कर्ज देतानाच वळतं करून घेतलेलं असतं. तुमच्याकडून असं काही कापलं असेल तर २२,९०१ मध्ये ते मिळवा, कारण आपल्या गणितात फक्त नऊ हप्त्यांचेच पैसे धरलेत.

आणि १,९५,८०३ भरून उद्याच कर्ज मिटवायचा विचार असेल, तर तो आकडा घेऊन जाऊ नका. ते नवव्या हप्त्याच्या दिवशीचं मुद्दल आहे. त्यानंतर गेलेल्या प्रत्येक दिवसाचं व्याज त्यावर चढतंय, १२ टक्क्यांनी साधारण ६४ रोजचं, म्हणजे दहा दिवसांनी गेलात तर साधारण ६४४ वर. मुदतीआधी बंद करण्याचं शुल्क करारात असेल तर तेही. बंद करायची तारीख सांगून त्या दिवसाचं लेखी फोरक्लोजर पत्रक मागा आणि त्यातली मुद्दलाची ओळ तुमच्या १,९५,८०३ शी जुळते का पाहा. जुळली नाही, तर बहुतेक एखादा हप्ता तुमच्या मोजणीत किंवा त्यांच्या नोंदीत राहिलाय.