मंजुरीपत्रातली बारीक अक्षरं

घरासाठी 15 लाख मागितले, मंजुरीपत्रात 15 लाख 60 हजार. बँकवाले म्हणतात, वरचे विम्याचे आहेत, घ्यावाच लागतो. खरंय का? (रावेर)

हा कर्जदाराच्या जीवाचा विमा असणार, एकरकमी हप्त्याचा. घर तारण आहे म्हणून त्याचा आगीचा विमा बँकेने मागणं समजू शकतं. पण जीवनविमा त्यांच्याच कंपनीचा घ्या, ही सक्ती चालत नाही. त्यांना एवढंच विचारा, "ही अट कुठे लिहिलीय, दाखवा." बहुतेक वेळा आवाज तिथेच खाली येतो.

आता हिशेब बघा. 9 टक्के दर आणि 15 वर्षं मुदत धरली, तर 15 लाखांचा हप्ता साधारण 15,214 रुपये, 15 लाख 60 हजारांचा 15,823. महिन्याला 609 जास्त. फार वाटत नाही, म्हणूनच कोणी विचारत नाही. पण असे 180 हप्ते भरले की 60 हजारांच्या विम्याचे सुमारे 1 लाख 9 हजार होतात. विमा हवाच असेल तर बाहेरून मुदतविम्याचा दर काढा आणि हप्ता स्वतः दरवर्षी भरा, कर्जात मिसळू नका.

सही करण्याआधी की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या अटी आणि खर्चाचा गोषवारा, मागा. 1 ऑक्टोबर 2024 पासून वैयक्तिक कर्जदाराला ते द्यावंच लागतं, आणि विचार करायला किमान तीन कामाचे दिवस. बँक विमा कंपनीसाठी जे पैसे घेते तेही त्यातल्या वार्षिक टक्केवारीत, म्हणजे एपीआरमध्ये, धरायचे असतात. व्याजदर 9 आणि एपीआर बराच वर दिसला, तर फरक प्रोसेसिंग फी आणि विम्यातच शोधा. फीवर 18 टक्के जीएसटी असतो: 1 टक्का फी म्हणजे तुमच्या हातून 15 हजार नव्हे, 17,700 जातात.

हप्ता चुकला तर "2 टक्के दंडव्याज" असं लिहिलंय. (भुसावळ)

बहुधा जुना छापील मजकूर तसाच राहिलाय. एप्रिल 2024 पासून नव्या कर्जांना दंड आकार म्हणून लावायचा, व्याजदरात वाढ करून नाही. तो टक्क्यांत मोजला म्हणून चूक होत नाही. तो मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावलं की चूक. थकलेल्या रकमेवरचं नेहमीचं व्याज मात्र चालूच राहतं. खातेउताऱ्यात दंडाची ओळ वेगळी दिसते का, ते बघा.

केळीचे पैसे आले की दोन लाख एकदम भरणार. दंड लागेल का? पहिली तीन वर्षं दर स्थिर आहे. (यावल)

इथेच मेख आहे. घरकर्जाचा दर बदलता असेल तर मुदतीआधी भरल्याचा आकार नाही, पैसे कुठून आणले हेही विचारता येत नाही. पण तुम्ही भराल त्या दिवशी दर स्थिर असेल, तर पत्रात लिहिलेला आकार लागू शकतो. तो किती, कशावर मोजणार, ते वाचा. चौथ्या वर्षी दर बदलता झाला की तेच दोन लाख आकाराविना भरता येतील, म्हणून तीन वर्षांचं वाचणारं व्याज आणि आकार शेजारी मांडून बघा. आकार कमी निघाला तर पैसे आले की लगेच भरा.